कोल्हापुरी चपला परदेशी पाठवताना : सॅम्पल, बायरची पारख आणि पैसे अडकण्याचे धोके – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महिन्याला शंभर-दोनशे जोड करणाऱ्या छोट्या उत्पादकांसाठी आहे. कंटेनर भरून माल पाठवणाऱ्यांचे नियम आणि खर्च वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत. उदाहरणं कोल्हापुरी चपलेची असली, तरी पैशांबद्दलची उत्तरं इतर हस्तकलेच्या मालालाही बऱ्यापैकी लागू पडतील.

परदेशातून चौकशीचा मेल आला. लगेच सॅम्पल पाठवू का?

नको. आधी तीन गोष्टी विचारा: कुठले नंबर हवेत, पहिल्या ऑर्डरला अंदाजे किती जोड लागतील आणि विक्री दुकानातून होणार की ऑनलाइन. खऱ्या बायरकडे याची उत्तरं तयार असतात, कारण त्याने स्वतःशी तो हिशेब आधीच मांडलेला असतो. ‘सगळे डिझाइन पाठवा, मग ठरवू’ असं उत्तर आलं, तर समोरचा एकतर फुकट चपला गोळा करतोय किंवा त्यालाच अजून काही ठरवता आलेलं नाही.

त्याच मेलमध्ये दर, कमीत कमी किती जोड घ्यावे लागतील आणि माल तयार व्हायला किती दिवस लागतील हे कळवून टाका. सॅम्पल आवडल्यावर दर ऐकून बायर गप्प झाला, तर कुरिअरचा खर्च वाया जातो. दर कळल्यावरही तो सॅम्पल मागत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

सॅम्पल फुकट द्यायचं की पैसे घ्यायचे?

पैसे घ्यायचे. चपलेचेही आणि कुरिअरचेही. सोबत लिहून द्यायचं की पहिली ऑर्डर ठरावीक जोडांची झाली, तर चपलेची रक्कम बिलातून वजा होईल. कुरिअरचा खर्च मात्र परत करू नका.

सॅम्पलच्या पाच-सहा हजार रुपयांपेक्षा त्यातून कळणारी माहिती जास्त मोलाची असते. बायरकडे पैसे पाठवायची सोय आहे का, पैसे कुठल्या नावाने आणि कुठल्या देशातून येतात, बोललेल्या तारखेला येतात का, हे सगळं थोडक्या रकमेत समजतं. साठ युरोंसाठी तीन आठवडे टोलवाटोलवी करणारा माणूस बाराशे युरोंच्या वेळी सुधारेल, अशी आशा धरू नका.

काही मोठी दुकानं धोरण म्हणूनच सॅम्पलचे पैसे देत नाहीत. तिथे कुरिअरचा खर्च तरी त्यांनी द्यावा, असा आग्रह धरा.

सॅम्पलमध्ये नेमकं काय पाठवायचं?

दोन वेगळ्या गोष्टी. एक पूर्ण जोड बायरच्या किंवा त्याच्या दुकानातल्या कुणाच्या तरी पायाच्या मापाचा, घालून बघण्यासाठी. कोल्हापुरी पहिले काही दिवस कडक लागते, अंगठ्याजवळ आणि पट्ट्याखाली चावते, मग पायाचा आकार घेते. हे ज्याने स्वतः घालून पाहिलं नाही, तो पहिल्याच लॉटला ‘माल खराब’ म्हणतो. दुसरं म्हणजे बाकी डिझाइनची फक्त डाव्या पायाची एकेक चप्पल. त्यावरून कापशी, कानवाली, वेणीचं काम, रंग सगळं समजतं. एकट्या डाव्या चपलेला विक्रीची किंमत नसते, त्यामुळे वाटेत कुणाला मोहही होत नाही आणि कस्टमलाही ते सॅम्पल आहे हे सांगायला सोपं जातं. पादत्राणांच्या धंद्यात तळाला आरपार भोक पाडून किंवा तळावर ‘विक्रीसाठी नाही’ असा पक्का शिक्का मारून सॅम्पल पाठवायचीही पद्धत आहे. अमेरिकेसारख्या ठिकाणी असं निकामी केलेलं सॅम्पल ड्युटीतून सुटू शकतं.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथून निघतात ते. सॅम्पल घरातला सर्वांत मुरलेला कारागीर करतो, आणि साठ जोड चार घरांत वाटले जातात. बायरच्या हातात पहिल्याची शिलाई असते आणि पेटीतून दुसऱ्यांची निघते. म्हणून सॅम्पल मुद्दाम त्याच हातांनी, त्याच चामड्याचं करून घ्या ज्यातून लॉट होणार आहे. थोडं साधं दिसलं तरी चालेल. प्रत्येक डिझाइनचे दोन सारखे नग करा. एक बायरकडे जाईल. दुसऱ्याला तारीख आणि सह्या असलेली चिठ्ठी बांधून कापडी पिशवीत तुमच्याकडे ठेवा, आणि दोन्हींचे शेजारी ठेवलेले फोटो बायरला पाठवून ‘हेच सॅम्पल मान्य’ असा मेल मागवून घ्या.

त्या मेलमध्ये काय बदलू शकतं तेही असू द्या. झाडांच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं उजेडात गडद होत जातं, दोन कातड्यांची छटा कधीच तंतोतंत जुळत नाही, हाताने कापलेल्या तळात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. ‘एका जोडातल्या दोन्ही चपला जुळतील, पण दोन जोडांत छटेचा फरक राहील’ हे एक वाक्य आधी लिहिलेलं असलं, तर नंतरचे दहा मेल वाचतात. मापही फक्त नंबरात देऊ नका. भारतीय, ब्रिटिश आणि युरोपीय नंबरांचे तक्ते कंपनीगणिक बदलतात. तळाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगा.

सॅम्पल पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतो का?

सॅम्पलपुरतं बहुतेक कुरिअर कंपन्या पॅन-आधारच्या केवायसीवर पार्सल घेतात. असं पार्सल सीएसबी-४ या कुरिअर निर्यातीच्या कस्टम फॉर्मवर जातं. तो भेटवस्तू आणि सॅम्पल अशा बिगर-व्यापारी पार्सलांसाठी आहे.

विकलेला माल मात्र सीएसबी-५ वर किंवा नेहमीच्या शिपिंग बिलावर जायला हवा. त्यासाठी आयईसी लागतो (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या, म्हणजे डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपये फीमध्ये निघतो, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपशील बरोबर असल्याची खात्री करून द्यावी लागते), परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा एडी कोड लागतो आणि आयजीएसटी न भरता माल पाठवायचा तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी हे हमीपत्र लागतं. टपालाने पाठवायचं असेल, तर डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट भरता येतं. लहान पार्सलांना ही वाट खासगी कुरिअरपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण वेळ जास्त लागतो.

होतं काय, की सीएसबी-४ सोपा आणि झटपट असल्यामुळे काही एजंट विकलेला मालही ‘सॅम्पल’ म्हणून काढून देतात. माल पोचतो, पैसेही येतात. पण बँकेकडे पैसे दिसतात आणि त्यांच्यासमोर निर्यातीची नोंद दिसत नाही. मग ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला, निघत नाही, जीएसटीचा परतावा अडतो, आणि पुढे बायरने पैसे बुडवले तर तुम्ही काही निर्यात केली होती हे दाखवायला कागद नसतो. ‘सॅम्पल’ शब्द फक्त खऱ्या सॅम्पलसाठीच ठेवा.

इनव्हॉइसवर काय लिहायचं? बायर म्हणतो किंमत कमी दाखवा.

सॅम्पल असलं तरी किंमत शून्य लिहू नका. तसलं पार्सल कस्टममध्ये हमखास थांबतं, कारण शून्य किमतीची चप्पल जगात कुठे नसते. खरी किंमत लिहा. वर्णन असं असावं की उघडून न बघता कळेल:

```
Handmade leather sandal, left foot only, 4 pcs
Upper and sole: buffalo leather, vegetable tanned
HS 640320 - SAMPLE, NOT FOR SALE
Value for customs purpose only: EUR 32.00
```

या ओळी डाव्या पायाच्या चार सुट्या चपलांच्या आहेत. सोबत पूर्ण जोड असेल, तर त्याची ओळ आणि किंमत वेगळी टाका. चामड्याच्या जागी तुमच्या मालात खरोखर जे आहे तेच येऊ द्या. पट्टा बकऱ्याच्या चामड्याचा असेल, तर तसं लिहा. ६४०३२० या सहा आकड्यांचा अर्थच ‘चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे’ असा आहे. जागतिक यादीत आपल्या चपलेला इतकी चपखल जागा असताना अनेक जण ‘फूटवेअर’ एवढंच लिहितात आणि भलत्याच दराची ड्युटी बायरच्या माथी मारतात.

किंमत कमी दाखवायची विनंती सभ्यपणे नाकारा. बायरने पाठवले बाराशे युरो आणि इनव्हॉइस चारशेचं असलं, तर तुमची बँक त्यांची जुळणी करू शकत नाही. पार्सल हरवलं, तर भरपाई चारशेवरच मिळते. आणि पकडलं गेलं तर बायर म्हणतो, ‘कागद त्यांनी केले.’

एका जोडाचं कुरिअर चपलेपेक्षा महाग का पडतं?

कारण बिल वजनावर नाही, जागेवर लागतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जे जास्त, त्यावर दर. चपलेचा नेहमीचा खोका ३२ × २० × १० सेंटिमीटर धरला, तर १.२८ किलो होतात, आणि साधारणपणे पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरून १.५ किलोचे पैसे पडतात. आतला जोड मात्र सहा-सातशे ग्रॅमचा असतो. तोच जोड तळ बाहेर, पट्टे आत अशा रीतीने एकमेकांत बसवून ३२ × १४ × ८ च्या खोक्यात घातला, तर ०.७२, म्हणजे एक किलो. पट्ट्यांच्या आत कागदाचा बोळा घाला, नाहीतर दाबून त्यांना घडी पडते आणि ती जात नाही.

भरायला गवत किंवा पेंढा वापरू नका. अनेक देशांत तो किडीच्या भीतीने अडवतात.

पावसाळ्यात पाठवलेल्या चपलांवर पांढरे डाग आले. का?

ती बुरशी आहे. सालीने कमावलेलं चामडं हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैच्या दमट हवेत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं की ओल आतच कोंडते, आणि दहा-बारा दिवसांच्या प्रवासात शिलाईच्या कडेने आणि दोन तळांच्या सांध्यात ठिपके फुटतात. वरून तेल जास्त चोळलेलं असेल, तर आणखी लवकर.

पॅकिंगच्या आधी दोन-तीन दिवस पंख्याखाली, सावलीत, सुट्या मांडून ठेवा. उन्हात नको, तळ वाकतो आणि तडकतो. प्लॅस्टिकऐवजी कागद किंवा सुती पिशवी वापरा, आणि प्रत्येक जोडात सिलिका जेलच्या दोन छोट्या पुड्या टाका. बंद करण्याआधी सांध्याजवळ नाक नेऊन बघा. कुबट वास आला, तर आणखी एक दिवस थांबा. डोळ्यांना डाग दिसण्याआधी वास येतो.

बाजारात ‘बुरशी येऊ देत नाही’ म्हणून मिळणाऱ्या अनोळखी पुड्या मात्र टाळा. त्यांत डायमिथाइल फ्युमरेट नावाचं रसायन असू शकतं. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि युरोपात २००९ पासून त्यावर बंदी आहे. दहा रुपयांच्या पुडीपायी अख्खा लॉट परत येऊ शकतो.

युरोपातला बायर टेस्ट रिपोर्ट मागतो. लहान ऑर्डरला तो करायचा का?

बायर खरा असल्याची ही चांगली खूण आहे, कारण हा प्रश्न फक्त विकणारा माणूसच विचारतो. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं, आणि काही अॅझो रंगांवर बंदी आहे. सालीने कमावलेल्या चामड्यात क्रोमियम वापरलेलंच नसतं. पण पट्ट्याचं रंगीत चामडं बहुधा बाहेरून विकत घेतलेलं असतं आणि ते क्रोमचं असू शकतं. धोका तिथे आहे. म्हणून तपासणी तळाची नाही, रंगीत पट्ट्याची करा. खर्च बायरने द्यावा किंवा निम्मा वाटून घ्यावा. त्याच चामड्याचा पुढचा लॉट असेपर्यंत रिपोर्ट उपयोगी पडतो. चामडं बदललं की नवा करावा लागतो.

जाता जाता : ‘जीआय टॅग असलेली कोल्हापुरी’ असं लेबल लावण्याआधी तुमचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं आहे ना ते बघा. २०१९ मध्ये मिळालेला हा टॅग महाराष्ट्रातले चार जिल्हे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातले चार यांच्यापुरता आहे.

बायर खरा आहे हे घरबसल्या कसं तपासायचं?

त्याच्याकडून कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव, पत्ता आणि कर नोंदणीचा क्रमांक मागा. हे मागण्यात उद्धटपणा काही नाही, इनव्हॉइससाठी ते लागतंच. मग बायर ज्या देशाचा आहे तिथल्या सरकारी नोंदीत बघा. ब्रिटनमधली कंपनी असेल, तर कंपनीज हाउसच्या साइटवर स्थापनेची तारीख, संचालक आणि वार्षिक हिशेब फुकट दिसतात. युरोपीय संघात व्हॅट क्रमांक ‘वीज’ (VIES) या साइटवर टाकला की तो चालू आहे का हे लगेच कळतं. ऑस्ट्रेलियात एबीएन लुकअप आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची नोंद वेगळी असते.

नोंद सापडली म्हणून काम संपत नाही. भामटे खऱ्या कंपनीचं नाव वापरतात, त्यामुळे खरा प्रश्न ‘कंपनी आहे का’ हा नसून ‘मेल लिहिणारा त्या कंपनीचा आहे का’ हा आहे. मेलच्या पत्त्यातलं नाव आणि कंपनीच्या साइटचं नाव अक्षर अक्षर जुळवा. मध्येच एक आडवी रेघ किंवा जादाचा ‘एस’ असतो. मग त्या साइटवरचा फोन नंबर घ्या (मेलमधला नव्हे), त्यावर फोन करा आणि त्या माणसाचं नाव घेऊन विचारा. एवढ्या एका फोनने बहुतेक सोंगं उघडी पडतात.

त्याचं दुकान असेल, तर व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवायला सांगा. विकणाऱ्याला त्यात आनंदच वाटतो. दुकानात चपलांचा एकही कप्पा नसेल, तर तो साठ जोड कुठे विकणार हे त्यालाच विचारा.

कुठल्या गोष्टी दिसल्या की थेट थांबायचं?

पहिली म्हणजे ‘आमच्या कुरिअर खात्यावर पाठवा, हा खाते क्रमांक घ्या’. खातं खरं असेल तर ठीक. पण ते चोरलेलं किंवा बंद असेल, तर महिन्याभराने पूर्ण भाड्याचं बिल पाठवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे येतं. कुरिअरच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. पार्सल देण्याआधी कुरिअरच्या कचेरीतून खाते क्रमांकाची खात्री करून घ्या.

दुसरी : परदेशी सरकारी खात्याची प्रचंड मोठी ऑर्डर, भाव न करता मान्य, फक्त आधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘वकिलाची फी’ तुम्ही भरायची. हस्तकलेच्या चपलेचे पाच हजार जोड भाव न करता कुणी घेत नाही.

तिसरी : ठरल्यापेक्षा जास्त पैसे येतात आणि ‘चुकून गेले, वरचे आमच्या एजंटला पाठवा’ असा निरोप येतो. मूळ पैसे चोरीच्या कार्डाचे असतात. ते परत घेतले जातात आणि तुम्ही एजंटला पाठवलेले तुमचे गेले. जादा आलेली रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने, बँकेकडूनच परत करा.

आणि पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झाल्याशिवाय चामडं कापायला घेऊ नका.

ॲडव्हान्स किती मागायचा?

३० टक्के ॲडव्हान्स, ७० टक्के नंतर हा बाजारातला ठोकळा आहे, पण छोट्या हस्तकलेला तो पुरत नाही. ॲडव्हान्स तुमच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाएवढा तरी हवा. एक हिशेब मांडून बघू.

समजा, हॅम्बुर्गमधलं एक दुकान ६० जोड २० युरोंनी घेतंय, माल १,२०० युरोंचा. सोयीसाठी युरोला १०० रुपये धरले, तर १,२०,००० रुपये. चामडं, वेणी आणि मजुरी मिळून जोडाला ८५० रुपये, पॅकिंग ६० रुपये : ६० जोडांचे ५४,६०० रुपये. कुरिअर बायर देणार.

३० टक्के ॲडव्हान्स घेतला तर हातात येतात ३६,००० रुपये. म्हणजे माल तयार होईपर्यंत तुमचे १८,६०० रुपये गुंतले. बायर तिथे गप्प झाला, तर उरलेल्या जोडांत युरोपीय ४४ आणि ४५ चे नंबर असतात, परदेशी रंगही असतो. कोल्हापूरच्या बाजारात ते पडून राहतात. ५० टक्के, म्हणजे ६०,००० घेतले तर खर्च निघतो, आणि बायर पळाला तरी माल तुमच्याकडे राहून फक्त नफा जातो. म्हणून पहिल्या ऑर्डरला ५० टक्के आधी आणि ५० टक्के माल बांधून झाल्यावर, निघण्याआधी. बांधलेल्या पेट्यांचे, वजनकाट्याचे आणि कुठलेही चार जोड उघडून दाखवलेले व्हिडिओ पाठवा. बायरलाही काहीतरी बघून पैसे सोडायचे असतात.

बायर यालाही तयार नसेल, तर अटी ढिल्या करू नका, ऑर्डर लहान करा. ‘आधी २० जोड घ्या, पूर्ण पैसे भरून.’ दोन्ही बाजूंची जोखीम सारखीच कमी होते, आणि तीन आठवड्यांत दोघांनाही एकमेकांची ओळख पटते. तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरला शेवटचे १०-२० टक्के माल पोचल्यावर घ्यायला हरकत नाही. बायर टिकवायचा असेल, तर तेवढं सोडावं लागतं.

कुरिअरचे पैसे बायर देणार असं ठरलं, तरी तिथल्या ड्युटीचं आणि व्हॅटचं काय हे प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे पैसे येण्याआधी पाठवायच्या कच्च्या बिलावर, वेगळं लिहा. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे. तो कुणी भरायचा हे लिहिलेलं नसेल, तर बायर पार्सल दारातून परत पाठवतो, आणि परतीचं भाडं तुमच्या नावावर चढतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. तिथे एका जोडालाही ड्युटीचा विचार करावा लागतो, आणि दर बदलते असल्यामुळे माल निघेल त्या दिवशीचाच बघा.

पाठवलेले पैसे कमी का जमा होतात?

मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात. ६०० युरोंतून १५-२० गेले तर सोसतात, सॅम्पलच्या ६० मधून गेले तर सोसत नाहीत. सॅम्पलचे पैसे कार्डाने किंवा ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत घ्या, ऑर्डरचे बँकेतून. बँकेतून पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असावं, म्हणजे फॉर्मवर `OUR` हा पर्याय निवडावा, हे प्रोफॉर्मावर आधीच लिहा. बँक पैसे कशाचे असं विचारेल, तेव्हा मालाच्या ॲडव्हान्ससाठी `P0103` हा कोड सांगा. चुकीचा कोड पडला की पुढे निर्यातीशी जुळणी होत नाही आणि शाखेत चकरा सुरू होतात.

बायर म्हणतो कागद बँकेमार्फत पाठवा, बँकेत पैसे भरून सोडवून घेतो. सुरक्षित आहे ना?

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला बरंचसं. तिथे बिल ऑफ लेडिंग हाच मालाचा हक्क असतो, मूळ कागद हातात असल्याशिवाय माल सुटत नाही. पण चपला कुरिअरने किंवा विमानाने जातात, आणि एअरवे बिल हा हक्काचा कागद नाही. ज्याचं नाव ‘माल घेणारा’ म्हणून लिहिलंय तो ओळख दाखवून माल घेऊन जातो. तुमचे कागद बँकेत बसून राहतात आणि चपला दुकानात विकल्या जातात. यातून वाट एकच : विमानाच्या मालावर घेणारा म्हणून बायरच्या बँकेचं नाव टाकणं, आणि त्याला त्या बँकेची आधी संमती लागते. लाख-दीड लाखाच्या मालासाठी बँका सहसा तयार होत नाहीत. पतपत्राचंही, म्हणजे बायरच्या बँकेने पैशांची दिलेल्या लेखी हमीचंही तसंच, त्याचं शुल्क एवढ्या रकमेत नफाच खाऊन टाकतं.

पेपाल किंवा कार्डाने पैसे आले म्हणजे आले ना?

जमा होतात, पण पक्के व्हायला वेळ लागतो. पेपालवर घेणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवू शकतो. ‘पार्सल मिळालंच नाही’ या तक्रारीविरुद्ध ट्रॅकिंग आणि सही कामी येते, पण माल त्या व्यवहारात दिसणाऱ्या पत्त्यावरच पाठवलेला असला पाहिजे. ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ असा नंतरचा निरोप मानलात, तर तो बचाव गेला. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीला मात्र विक्रेत्याचं संरक्षण लागू होत नाही. तिथे तो सॅम्पल मान्य केल्याचा मेल आणि छटेच्या फरकाचं वाक्य, एवढाच तुमचा पुरावा.

बायर म्हणतो पैसे भरले, पण आमच्याकडे आलेच नाहीत.

बहुतेक वेळा कुणीतरी मधले मेल वाचत असतं आणि ऐन पैसे भरायच्या दिवशी तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून बायरला कळवतं, ‘आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, या नव्या खात्यात भरा.’ बायर प्रामाणिक असतो, तुम्हीही असता, पैसे तिसऱ्याकडे जातात. हे कळल्याबरोबर बायरने त्याच दिवशी आपल्या बँकेला पैसे परत मागवायला सांगावं. दोन-तीन दिवस उलटले की हाती काही लागत नाही.

आधीची काळजी स्वस्त आहे. प्रोफॉर्मावर ठळक ओळ टाका : ‘आमचं बँक खातं मेलवरून कधीही बदलणार नाही. बदल झाल्यास व्हिडिओ कॉलवर सांगू.’ मेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि शेजारच्या सायबर कॅफेतून ते उघडणं थांबवा.

उधारीवर माल दिलाय आणि बायर टोलवतोय. विमा मिळतो का?

केंद्र सरकारची ईसीजीसी ही कंपनी निर्यातीच्या उधारीचा विमा देते. लहान निर्यातदारांसाठी वेगळी पॉलिसीही आहे. पण ती माल निघण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. बायर दिवाळखोर झाला किंवा पैसे देण्यात कसूर केली तर तिचं संरक्षण मिळतं. ‘माल खराब होता’ असा वाद बायरने काढला, तर तो वाद तुमच्या बाजूने मिटेपर्यंत दावा पुढे सरकत नाही. म्हणजे विमा असला तरी सॅम्पलचे कागद लागतातच.

पैसे आले नाहीत तरी बँकेपुढे तुमची जबाबदारी उरते. निर्यातीची रक्कम भारतात आणायची मुदत पूर्वी नऊ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने झाली. ती संपण्याआधी बँकेला लेखी कळवा, बायरशी झालेले सगळे मेल जोडा आणि मुदतवाढ मागा. गप्प बसलात, तर पुढच्या बायरचे पैसे आले तरी बँक आधी या जुन्या नोंदीचं विचारते.

माल पोचला आणि बायर म्हणतो, २० टक्के कमी करा नाहीतर परत पाठवतो.

घाईत हो म्हणू नका. आधी प्रत्येक तक्रारीच्या जोडाचा फोटो मागा, तळाची पट्टीने मोजलेली लांबी दाखवणारा, आणि बाहेरच्या पेटीचाही. साठांपैकी किती जोडांची तक्रार आहे हे आकड्यात सांगायला लावा. खरी तक्रार असेल, तर बायर अकरा किंवा सात म्हणतो. भाव पाडायचा असेल, तर ‘सगळेच’ म्हणतो. मग तुमच्याकडची चिठ्ठी बांधलेली चप्पल काढा आणि फोटोंशी ताडून बघा.

चूक तुमची निघाली, तर तेवढ्या जोडांची रक्कम पुढच्या ऑर्डरमधून वजा करायची तयारी दाखवा. रोख परत करण्यापेक्षा हे बरं, कारण त्यासाठी पुढची ऑर्डर यावी लागते. मिळायच्या बाकीतूनच सूट देत असाल, तर बँकेला क्रेडिट नोट द्या, नाहीतर तेवढी रक्कम येणं बाकी म्हणून दिसत राहील. माल परत मागवणं शेवटचा पर्याय. परतीचं भाडं एवढं पडतं की साठांतल्या अकरा जोडांसाठी ते कधीच परवडत नाही, आणि परत आलेला माल तुमचाच आहे हे भारतीय कस्टमला निर्यातीचे कागद दाखवून सिद्ध करावं लागतं. असे जोड बायरने तिथेच कमी भावात काढून टाकावेत आणि त्यांचे फोटो पाठवावेत, हे दोघांनाही स्वस्त पडतं.